मुलांना काट्यांचं घड्याळ शिकवताना : पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

आमच्या लेकीला साध्या मनगटी घड्याळावर वेळ बघायला आम्ही घरीच शिकवलं. ती घड्याळ बघून वेळ सांगायला लागली तसे सोसायटीतल्या आणि शाळेच्या गेटवर भेटणाऱ्या आया-बाबांनी मला प्रश्न विचारायला सुरुवात केली. ते प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र केली आहेत. माझा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे, तो आधीच सांगून टाकते : आधी छोटा काटा शिकवा, आणि बरेच दिवस फक्त छोटाच काटा शिकवा. बहुतेक मुलांचा गोंधळ मोठ्या काट्यात आहे असं आपल्याला वाटतं, पण खरा घोळ छोट्या काट्याचा असतो.

कोणत्या वयात सुरुवात करावी?

वयापेक्षा दोन गोष्टी बघा. एक ते बारा अंक मूल न अडखळता ओळखतं का, आणि "दोनच्या पुढे पण तीनच्या अलीकडे" म्हणजे काय ते त्याला कळतं का. एवढं असेल तर छोटा काटा शिकवता येतो, मग ते मूल पहिलीत का असेना. मिनिटांसाठी मात्र साठपर्यंत मोजणं आणि पाचचा पाढा हवा. तो येत नसेल तर मिनिटं थांबवा. छोटा काटा थांबवायचं काहीच कारण नाही.

घड्याळ कसं घ्यावं? मुलांचं रंगीत कार्टूनवालं चालेल का?

कार्टूनला माझी हरकत नाही, फक्त त्या चित्राखाली काटे हरवता कामा नयेत. दुकानात गेलात की डायलकडे नीट बघा. बाराही अंक छापलेले हवेत. नुसते बारा, तीन, सहा, नऊ आणि बाकीच्या जागी ठिपके असं घड्याळ नको, रोमन आकडेही नकोत. कडेने साठ बारीक रेघा हव्यात. छोटा काटा अंकांच्या आतच संपणारा आणि मोठा काटा थेट त्या रेघांपर्यंत पोचणारा हवा. दोन्ही काटे जवळजवळ सारख्या लांबीचे असतील तर मुलाची फसगत ठरलेलीच.

तारीख-वार दाखवणारं घड्याळ सुरुवातीला घेऊ नका. बाजूची चावी त्यात दोन टप्प्यांत बाहेर येते. मधल्या टप्प्यावर फिरवली की वेळ न बदलता तारीखच बदलते, आणि आपल्याला तर चावी मुलाच्या हातात द्यायची आहे.

दुकानात आणखी एक बघा. मांडून ठेवलेली घड्याळं बहुतेक वेळा दहा वाजून दहा मिनिटांच्या आसपास थांबवलेली असतात, जाहिरातीतही तेच. या स्थितीत काटे बरोबर बसवलेत की नाही ते कळत नाही. दुकानदाराला चावी फिरवून आधी बारा वाजवायला सांगा. दोन्ही काटे एकमेकांवर तंतोतंत यायला हवेत. मग तीन वाजवा : मोठा बरोबर बारावर आणि छोटा बरोबर तीनवर हवा. मग सहा : दोन्ही काट्यांची एक सरळ रेघ व्हायला हवी. स्वस्त घड्याळात छोटा काटा कधीकधी किंचित पुढे किंवा मागे बसवलेला असतो. मोठ्या माणसाच्या ते लक्षातही येत नाही, पण शिकणाऱ्या मुलाला ते घड्याळ रोज चुकीचं शिकवत राहतं. घड्याळ दुरुस्त करणारा तो काटा काढून परत नीट बसवून देतो, पण दुसरं घड्याळ मागून घेणं जास्त सोपं.

घरात पुठ्ठ्याचं घड्याळ आहे, शाळेतल्या प्रकल्पाचं. त्यावर शिकवलं तर?

अंक ओळखायला ते चालेल, वेळ शिकवायला नको. पुठ्ठ्याच्या घड्याळात दोन्ही काटे मोकळे फिरतात. साडेचार लावायला सांगितलं की मूल मोठा काटा सहावर नेतं आणि छोटा सरळ चारवर ठेवून देतं. आपण "शाब्बास" म्हणतो. पण खऱ्या घड्याळात अशी वेळ कधी येतच नाही. साडेचारला छोटा काटा चार आणि पाचच्या बरोबर मध्ये असतो. पुठ्ठ्यावर "छोटा काटा नेहमी एका अंकावर असतो" हे डोक्यात पक्कं बसतं आणि खरं घड्याळ समोर आलं की मूल विचारतं, "आई, हा चारवर पण नाही, पाचवर पण नाही, मग वाजले किती?"

खऱ्या घड्याळात दोन्ही काटे आतल्या दात्यांच्या चाकांनी एकमेकांना बांधलेले असतात. मोठा काटा पूर्ण एक फेरी मारतो तेव्हा छोटा एका अंकावरून पुढच्या अंकावर जातो, म्हणजे फेरीचा बारावा भाग. चावी बाहेर ओढून सावकाश फिरवली की हे डोळ्यांना दिसतं. मोठा काटा धावत असतो आणि छोटा त्याच्या मागून हळूहळू सरकत असतो. मुलाला हे स्वतःच्या बोटांनी करू द्या, हवं तितका वेळ. घरातलं साधं चालू घड्याळ पुठ्ठ्यापेक्षा चांगलं ठरतं ते यामुळेच.

मग सुरुवात नेमकी कुठून करायची?

मुलाच्या शेजारी बसा, समोर नको. समोर बसलात तर दोघांपैकी एकाला डायल उलटं दिसतं.

चावी ओढून चार वाजवा. "मोठा काटा आपण सध्या विसरायचा, फक्त छोट्याकडे बघ. तो कुठंय?" मूल म्हणेल चारवर. आता चावी फिरवत रहा आणि मध्येच थांबवा. "आता कुठंय?" उत्तर तीनच शब्दांपैकी एक यायला हवं : "चारवर", "चारच्या पुढे", किंवा "पाचच्या जवळ". मिनिटं विचारायची नाहीत, "किती वाजले" असंही विचारायचं नाही. काटा कोणत्या दोन अंकांच्या मध्ये आहे आणि कुठल्या अंकाला ओलांडून आलाय, एवढंच.

इथे एक नियम घट्ट धरायचा : छोटा काटा ज्या अंकाला ओलांडून आला, तो तास चालू आहे. पुढचा अंक कितीही जवळ दिसला तरी तिथे पोचेपर्यंत तो तास सुरू झालेला नाही.

भिंतीवरचं एखादं जुनं घड्याळ असेल तर त्याचा मोठा काटा काढूनच टाका. सेकंदकाटा वरचा वर निघतो, त्याखाली एक छोटा नट असतो, तो सोडवला की मोठा काटा निघतो. छोटा काटा तसाच ठेवायचा आणि घड्याळ चालू ठेवायचं. आमच्या स्वयंपाकघरात असं एककाटी घड्याळ लावलं होतं. एकाच काट्यावर पाव तासापर्यंतची वेळ बऱ्यापैकी कळते, हे बघून मोठ्यांनाही नवल वाटतं. तसं हे काही नवीन नाही. लंबकाचं घड्याळ १६५६ साली आलं, त्यानंतर घड्याळं बरीच अचूक चालू लागली आणि मिनिटकाटा सर्रास दिसू लागला. त्याआधीच्या बहुतेक घड्याळांना एकच काटा असायचा. आमच्या सासूबाईंच्या लहानपणी तर सोलापुरात मिलच्या भोंग्यावर घरं चालायची, आणि मिनिटांवाचून कुणाचं काही अडत नव्हतं. मुलालाही सुरुवातीला अडत नाही.

मिनिटं केव्हा आणि कशी शिकवायची?

छोट्या काट्यावरून तास बिनचूक सांगता यायला लागला की. त्याआधी नाही.

मोठ्या काट्याच्या चार जागा आधी पक्क्या करा : बारावर पूर्ण, तीनवर पंधरा, सहावर तीस, नऊवर पंचेचाळीस. सगळी फेरी पाचच्या पाढ्याने मोजण्यापेक्षा जवळच्या जागेपासून मोजणं मुलाला सोपं जातं. काटा सातवर असेल तर सहाचे तीस, आणि पुढे पाच, पस्तीस. बाराही अंक आपोआप येतात. दोन अंकांमधल्या बारीक रेघा शेवटी घ्या. मागच्या अंकाची मिनिटं घ्यायची आणि पुढे एक एक रेघ मोजायची.

"चार वाजून सहा" हे उत्तर जवळजवळ प्रत्येक मूल एकदा तरी देतं, साडेचारला. मोठा काटा सहावर आहे म्हणून सहा. रागावू नका, त्याने अंक बरोबर वाचलाय, फक्त काट्याचं काम चुकीचं समजलाय. "हा सहा छोट्या काट्याचा आहे, मोठ्या काट्यासाठी बाहेरच्या रेघा मोज" एवढं म्हणायचं आणि बारापासून बोट ठेवून रेघा मोजून घ्यायच्या. एकदा स्वतः तीस मोजले की पटतं.

आणखी एक गोष्ट. मूल बोट बरोबर जागी ठेवतं पण आकडा भलताच सांगतं, असं झालं तर अडचण घड्याळात नाही, आकड्यांच्या नावांत आहे. एकोणचाळीस, एकोणपन्नास, पंचेचाळीस, पंचावन्न या नावांत मराठी मुलं हमखास अडकतात. तेव्हा घड्याळ बाजूला ठेवा आणि तेवढे आकडे घोटून घ्या. एकाच वेळी दोन्ही शिकवायला गेलात तर दोन्ही राहतात.

माझी मुलगी १०:५० ला "अकरा पन्नास" म्हणते. कितीही समजावलं तरी तेच. काय करू?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर सांगते.

दहा पन्नासला घड्याळ हातात धरून खरंच निरखून बघा. छोटा काटा कुठे आहे? अकराला लागूनच. प्रत्येक दोन अंकांमध्ये छोट्या काट्याला तीस अंशांचं अंतर कापायचं असतं, तासाला तीस, म्हणजे दहा मिनिटांत पाच अंश. अकरा वाजायला दहा मिनिटं असताना तो अकरापासून फक्त पाच अंश मागे असतो. कडेच्या दोन बारीक रेघांमधलं अंतर सहा अंशांचं. म्हणजे एका रेघेएवढंही अंतर उरलेलं नसतं. मनगटी घड्याळात हे अंतर मिलिमीटरहून कमी भरतं. मुलाला "काटा अकराच्या अलीकडे आहे" हे दिसतच नाही, आणि दिसत नाही म्हणून तुमचं समजावणं पोचत नाही. दोष तिच्या लक्षाचा नाही.

म्हणून इथे नुसत्या नजरेवर विसंबायचं नाही, दुसऱ्या काट्याला विचारायचं. आम्ही असं केलं :

चावी ओढून आधी पूर्ण अकरा वाजवले. लेकीला विचारलं, "छोटा कुठंय?" अकरावर. "मोठा?" बारावर. आता काटे उलटे, मागे फिरवायला लागले. मोठा काटा अकरावर आला, म्हणजे १०:५५. "छोटा अकरावर आहे का अजून?" ती म्हणाली, "हो, आहेच की." अजून मागे, मोठा दहावर. "आता?" "थोडासा मागे गेला वाटतं." मग नऊवर आणला, १०:४५. आता छोटा काटा मागे आलाय हे तिला स्पष्ट दिसलं. आणखी मागे, १०:३०. दहा आणि अकराच्या मध्ये. तिथून काटे परत सावकाश पुढे फिरवले आणि प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारला : "अकरा वाजले का?" १०:४५ ला नाही. १०:५० ला नाही. १०:५५ ला तिने डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाली, "नाही. मोठा बारावर गेला की वाजतील."

हे वाक्य मुलाच्या तोंडून यायला हवं, आपल्या नाही. मोठा काटा बाराला पोचल्याशिवाय छोटा पुढच्या अंकावर पोचूच शकत नाही, कारण दोघे एकमेकांना बांधलेले आहेत. त्यानंतर आमच्या घरी एक सवय लावली : मोठा काटा डाव्या अर्ध्या भागात, म्हणजे सहा ते बाराच्या मध्ये असेल, तर वेळ सांगण्याआधी थांबायचं आणि विचारायचं, "हा तास सुरू झाला, का व्हायचाय?" मोठा काटा उजव्या अर्ध्यात असताना ही चूक सहसा होत नाही, म्हणून तिथे थांबवू नका. उगीच प्रत्येक वेळी अडवलं की मूल कंटाळतं.

ही चूक बरी झाली की नाही ते बघायला १२:५५ विचारा. तिथे छोटा काटा एकवर असल्यासारखा दिसतो, आणि एक अंक बारापेक्षा लहान असल्यामुळे गोंधळ दुप्पट होतो. "एक पंचावन्न" असं उत्तर आलं तर वरची कसरत बारा आणि एकमध्ये परत करा.

सव्वा, साडे, पावणे आधी शिकवायचं, का शाळेतलं "फाइव्ह फोर्टीफाइव्ह"?

आमच्याकडे आजी "पावणेसहाला दिवा लावते" म्हणायची आणि शाळेत सेमी इंग्रजीमुळे "फाइव्ह फोर्टीफाइव्ह". लेक दोन्हीकडे गप्प. माझं मत : सव्वा आणि साडे अगदी लवकर घ्या, मिनिटांच्याही आधी. साडेचार म्हणजे छोटा काटा चार-पाचच्या मध्ये, सव्वाचार म्हणजे चारच्या थोडा पुढे. दोन्ही शब्द छोट्या काट्याची जागाच सांगतात.

पावणे थोडं उशिरा घ्या, १०:५० चा गोंधळ मिटल्यावर. पावणेसहा म्हणताना आपण सहाचं नाव घेतो, पण तास पाचचा चालू असतो. आकड्यात तीच वेळ पाच पंचेचाळीस. मुलाने नियम शिकलेला असतो की ओलांडलेल्या अंकाचं नाव घ्यायचं, आणि आजी नेमकी पुढच्या अंकाचं नाव घेते. "पावणेसहा म्हणजे सहा वाजायला पाव तास कमी" असं काटा दाखवून सांगा. "सहाला दहा कमी" हेही त्याच दिवशी जमून जातं.

तीन वेळा वेगळ्याच नावाच्या आहेत, त्या पाठ करून घ्याव्याच लागतात : दीड, अडीच, आणि पाऊण, म्हणजे १२:४५. "साडेएक" आणि "साडेदोन" म्हणणारं मूल घड्याळ बरोबरच वाचतंय, तेव्हा त्याला चूक म्हणू नका, शब्द तेवढा सुधारा.

मोबाईलवर वेळ बघायची सवय आहे. ती मोडावी का?

नाही, उलट तिचा उपयोग करा. मुलाने आधी घड्याळावर बघून वेळ मोठ्याने सांगायची आणि मगच मोबाईलवर ताडून बघायचं. आपण "बरोबर", "चूक" म्हणत बसावं लागत नाही. क्रम मात्र उलटा होऊ देऊ नका. आधी मोबाईल बघितला की घड्याळ वाचलं जात नाही, फक्त आकडे काट्यांवर बसवले जातात.

रोज सराव कशाचा करून घ्यायचा?

"बस, घड्याळाचा अभ्यास कर" असं केलं की मुलं पळतात. ज्या वेळेशी त्यांचा स्वतःचा संबंध आहे ती विचारा. शाळेची रिक्षा, बाबांची शिफ्ट संपण्याची वेळ, संध्याकाळी खाली खेळायला जायची वेळ. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून पाण्याच्या दिवशी घड्याळाची जबाबदारी लेकीकडे दिली. पाणी आलं की तिने वेळ वहीत लिहायची, गेलं की परत लिहायची. यात दोन वेळांमधलं अंतर काढायचाही सराव झाला. ते मात्र घड्याळ वाचण्यापेक्षा अवघड आहे, वेगळा विषय समजा. सव्वासहा ते साडेसात किती, हे काढताना वजाबाकी करू देऊ नका. काट्यावरून पुढे चालत जायचं : सव्वासहा ते सव्वासात एक तास, तिथून साडेसात पाव तास, झाला सव्वा तास.

घड्याळ कोणत्या हातात बांधायचं? डावखुरं मूल असेल तर?

लिहायच्या हातात नको. डावखुऱ्या मुलाने उजव्या मनगटावर बांधावं. डायल वाचताना बारा वरच्या बाजूला आलेत ना, एवढं बघा. लहान मनगटाला पट्टा मोठा होतो आणि घड्याळ फिरून हाताच्या आतल्या बाजूला जातं, मग बारा कुठे ते कळत नाही. कुठल्याही घड्याळवाल्याकडे पट्ट्याला दोन भोकं जास्तीची पाडून मिळतात.

लहान मुलाच्या हाती घड्याळ देताना काय जपायचं?

शिकवून झालं की चावी पूर्ण आत दाबा. बाहेर राहिली तर बहुतेक घड्याळं बंद राहतात आणि त्या फटीतून पाणी आत जातं. धुळवडीला, पावसात घड्याळ काढून ठेवा.

दुसरी गोष्ट गंभीर आहे. मागचं झाकण सैल असेल तर घड्याळ मुलाच्या हातात देऊ नका, घरात धाकटं भावंडं असेल तर मुळीच नाही. आतला बटणासारखा सेल गिळला गेला तर अन्ननलिकेत अडकून थोड्या तासांत आतून भाजतं. गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता थेट मोठ्या दवाखान्यात न्या, उलटी करवू नका. जुने सेलही घरात ठेवू नका.

आता याला घड्याळ येतं, हे कसं ओळखायचं?

वेळ विचारून नाही, लावायला सांगून. चावी मुलाच्या हातात द्या आणि या चार वेळा लावायला सांगा : साडेसहा, १२:५५, पाऊण, आणि नऊला वीस कमी. साडेसहाला दोन्ही काटे खाली जवळजवळ येतात, तेव्हा छोटा सहाच्या थोडा पुढे गेलाय हे मुलाच्या लक्षात येतं का बघा. नऊला वीस कमी लावताना बहुतेक मुलं आधी नऊ वाजवून काटे मागे फिरवतात. ती पद्धत उत्तम आहे. चारही वेळा न विचारता लागल्या की रेल्वेच्या तिकिटावरची चोवीस तासांची वेळ काढा आणि बारा वजा करायला शिकवा.